सात दिवसांचा हिशेब



श्रावण सरत येतो, पोळ्याचे बैल सजतात, दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात गोटमारीची गर्दी उसळते. आणि ह्याच सुमारास आपल्या वर्गाच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. विचारले म्हणजे उत्तर ठरलेले असते : ‘ताप आला होता.’ ताप हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. कोणता ताप, तो कोणत्या दिवशी चढला आणि कोणत्या दिवशी उतरला, हे कोणी टिपून ठेवीत नाही. डासांपासून होणाऱ्या दोन आजारांत, डेंग्यू व मलेरिया ह्यांत, खरे महत्त्व ह्या दिवसांच्या मोजणीला आहे. ही मोजणी मी एका चुकीतून शिकलो. ती चूक माझीच होती, म्हणून ती आरंभीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पांढुर्ण्यातील एका गल्लीत राहणारी आपल्या शाळेची एक विद्यार्थिनी बुधवारी सकाळी शाळेत आली ती डोके धरूनच. दुपारपर्यंत अंग भट्टीसारखे तापले. सर्दी नाही, खोकला नाही. पण डोळ्यांच्या मागे ठणकत होते, डोळे फिरविले तरी दुखत होते आणि कंबर व सांधे कोणी ठेचून काढल्यासारखे झाले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रक्त तपासून डेंग्यूचे निदान केले. त्यांनी पॅरासिटामॉलच्या गोळ्या दिल्या, भरपूर पातळ पदार्थ पाजावयास सांगितले आणि काही त्रास वाढल्यास लगेच आणा, असेही बजावले.

रविवारी, म्हणजे पाचव्या दिवशी, मी तिच्या घरी गेलो. ताप उतरला होता. घरात सर्वांचे चेहरे खुलले होते. मुलगी मात्र भिंतीकडे तोंड करून मुकाट पडली होती. ‘अशक्तपणा आहे’ असे तिची आई म्हणाली. मलाही तसेच वाटले. ‘परवापासून शाळेत ये’ असे सांगून मी उठलो. तेवढ्यात शेजारच्या घरातील एक परिचारिकाबाई आल्या. त्यांनी प्रथम मुलीचे हात चाचपले. हात थंडगार व घामेजलेले होते. मग त्यांनी तीन प्रश्न विचारले : पोट दुखते का? उलट्या किती झाल्या? लघवीला केव्हा गेली होतीस? पोट सकाळपासून दुखत होते, उलट्या चार झाल्या होत्या आणि लघवी आदल्या रात्रीनंतर झालेलीच नव्हती. बाई म्हणाल्या, ‘ताप उतरला हीच आता काळजीची वेळ. हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या.’ त्या रात्री तिला सलाईन लागले. तीन दिवसांनी ती सुखरूप घरी आली.

असे का व्हावे? इतर बहुतेक तापांत ताप उतरला की रोग हटला असे समजावे लागते. डेंग्यूची रीत निराळी आहे. ह्यात ताप साधारणतः २ ते ७ दिवस राहतो. तो उतरू लागण्याच्या सुमारास, बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, काही रोग्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्तातील पातळ भाग बाहेर पाझरू लागतो. अंग थंड पडते. पण ते बरे झाल्यामुळे नव्हे, तर वाहिन्यांतले पाणी कमी झाल्यामुळे. हा धोक्याचा काळ सुमारे २४ ते ४८ तासांचा असतो. तो सांभाळून नेला तर बहुतेक रोगी पूर्ण बरे होतात. म्हणून डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस रोग्याजवळ कोणी तरी सावध माणूस बसले पाहिजे. पोटात सतत दुखणे, वारंवार उलटी, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौचास, फार सुस्ती अथवा विलक्षण अस्वस्थता, थंड हातपाय, लघवी कमी होणे, ह्यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहू नये.

आणखी एक गोष्ट औषधाविषयी. डोके दुखते म्हणून घरातल्या डब्यातून ॲस्पिरिनची किंवा अंगदुखीवरची आयबुप्रोफेनसारखी गोळी देण्याची आपल्याकडे सवय आहे. डेंग्यूत रक्त गोठविणाऱ्या बिंबिका कमी होतात, आणि ह्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. निदान होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच, तेही सांगितलेल्या प्रमाणात, एवढेच ध्यानात ठेवावे. पेज, ताक, नारळपाणी, साखर-मिठाचे पाणी थोडे थोडे पण सारखे पाजावे.

मुलगी बरी झाल्यावर मला प्रश्न पडला की तिला चावलेला डास आला कोठून? डेंग्यू पसरविणारा डास, ज्याला शास्त्रज्ञ एडिस इजिप्ती म्हणतात, तो काळा असून त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा, विशेषतः सकाळी व संध्याकाळपूर्वी, चावतो आणि जन्मस्थानापासून फार दूर उडत नाही. बहुधा तो त्याच घरात किंवा शेजारच्या चार घरांत जन्मलेला असतो. गटारातला घाण पाण्यातला डास तो हा नव्हे. ह्याला हवे असते घरातले स्वच्छ, साठलेले पाणी.

म्हणून वर्गातील सहा मुले बरोबर घेऊन, त्या मुलीच्या वडिलांची परवानगी काढून, आम्ही ते घर पाहिले. न्हाणीघरातला सिमेंटचा हौद झाकलेला होता. पाण्याचे माठ रोज घासले जात होते. गच्चीवर पाखरांसाठी ठेवलेल्या पसरट भांड्यात थोडे पाणी होते. त्यात काही नव्हते. शेवटी एका मुलाने मागल्या पडवीतील कुलरकडे बोट दाखविले. आपल्या ह्या भागातला उन्हाळा कुलरवाचून निघत नाही. पण पाऊस लागला की कुलर तसाच कोपऱ्यात उभा राहतो. गवताच्या ताट्या काढल्या तेव्हा टाकीच्या तळाशी चार बोटे पाणी होते आणि त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या. टॉर्चचा झोत पडताच त्या सगळ्या तळाशी गेल्या.

मुलीच्या आईंना वाईट वाटले. त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, पानी त आमी दर आठ दिवसानं फेकतो ना!’ त्या खोटे बोलत नव्हत्या. मग अळ्या आल्या कशा? ह्या प्रश्नातच ह्या लेखाचे सार आहे.

एडिसची मादी आपली अंडी पाण्यावर घालीत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर, ती एकेक अंडे चिकटविते. अंडे जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे आणि काळे. धुळीच्या कणासारखे दिसते. पाणी आटले किंवा फेकले तरी ते भिंतीवर तसेच राहते आणि कोरड्या स्थितीत कित्येक महिने जिवंत राहू शकते. पुन्हा पाणी चढून त्याला भिजविले की ते उबते. त्या घरी दर आठवड्याला पाणी फेकले जात होते, पण टाकीची भिंत कोणी घासली नव्हती. नवे पाणी ओतले म्हणजे जुनी अंडी भिजत. शिवाय टाकी कलती केली तरी तळाशी थोडे पाणी उरे, आणि धक्का बसताच तळाशी जाणाऱ्या अळ्या नेमक्या त्याच पाण्यात राहत.

हे मुलांना पटावे म्हणून आम्ही एक साधा प्रयोग केला. टाकीच्या कोरड्या काठाजवळची भिंत पांढऱ्या ओल्या फडक्याने घट्ट पुसली. फडक्यावर काळे ठिपके उमटले. ते फडके काचेच्या बरणीत पाण्यात बुडवून तोंडाला मलमल बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारी बरणीत सुईच्या टोकाएवढ्या अळ्या हलताना दिसू लागल्या. मुले थक्क झाली. पाचव्या दिवशी आम्ही बरणीत उकळते पाणी ओतून प्रयोग संपविला; कारण त्यापुढे थांबणे धोक्याचे होते. घरी कोणी हा प्रयोग केलाच तर वडील माणसांच्या देखरेखीखाली करावा आणि मलमल क्षणभरही सोडू नये.

आता हिशेब पाहा. अंडे उबावयास एक-दोन दिवस, अळीची चार रूपे पालटावयास चार-पाच दिवस, कोष फुटून पंख फुटावयास सुमारे दोन दिवस. आपल्या पावसाळी उबेत पाण्यातून डास उडावयास साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एक ठराविक वार नेमून सर्व भांडी कोरडी केली तर आधीच्या आठवड्यातील पिढीला पंख फुटण्यापूर्वीच ती संपते. परंतु हा वार चुकता कामा नये. एक रविवार गेला की दोन आठवड्यांचे अंतर पडते, आणि तेवढ्यात डास उडून जातो.

कोरडा दिवस पाळण्याची रीत अशी. प्रथम भांडे पूर्ण पालथे करावे. तळाला थेंबही राहू नये. मग काथ्याने किंवा ताठ ब्रशाने आतली भिंत, विशेषतः पाण्याची रेषा जेथे उमटलेली असते तेथील दोन बोटे जागा, जोर लावून घासावी. ते पाणी गटारात नव्हे तर उन्हातल्या कोरड्या मातीवर ओतावे. शेवटी भांडे उन्हात वाळवावे. कुलर पावसाळ्यात लागत नसेल तर त्याच्या ताट्या काढून जाळाव्यात, टाकी घासून उलटी करून ठेवावी. फ्रीजच्या मागील ताटली, कुंडीखालची बशी, गच्चीवरील टायर, नारळाची करवंटी, ह्यांना हाच नियम. जुन्या टायरला भोके पाडणे किंवा तो छपराखाली नेणे उत्तम.

जो हौद रिकामा करता येत नाही त्याचे काय? जेथे नळाला रोज पाणी येत नाही तेथे आठवड्याचे पाणी फेकून द्या असे सांगणे निर्दयपणाचे होईल. अशा टाकीला फटी न राहणारे झाकण हवे. झाकण चटईच्या तुकड्याचे असेल तर ते कडेने उचकटते आणि मादीला तेवढी वाट पुरते. पाणी पिण्याचे नसेल तर गप्पी मासे सोडता येतात. ते अळ्या खातात. आरोग्य विभागाचे कर्मचारी टेमिफॉस नावाचे औषध प्रमाणात टाकतात. ते आपण आपल्या मनाने टाकू नये. धूर फवारणीने गल्लीतले उडते डास मरतात, पण टाकीच्या भिंतीवरील अंडी तिला दाद देत नाहीत. म्हणून फवारणी झाली की काम संपले असे समजू नये.

मलेरियाची गोष्ट पुष्कळ अंशी अशीच, पण तिची खूण निराळी. १८९७ साली रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू पाहिले आणि हा ताप हवेने नव्हे, डासाने येतो हे सिद्ध होण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९११ साली डॉ. बेंटली ह्यांनी मुंबईतील मलेरियाचा तपास करून अहवाल दिला. त्यात त्यांना दोष सापडला तो चाळींच्या व घरांच्या विहिरींत. ह्या विहिरींत ॲनॉफिलिस स्टीफेन्सी नावाचा डास वाढत होता. त्यानंतर पुष्कळ विहिरी बुजविल्या गेल्या किंवा झाकल्या गेल्या. धार्मिक विधींसाठी विहिरीचे पाणी लागत असल्याने ह्याला विरोधही झाला. माझे बालपण कोकणी बोलणाऱ्या किनाऱ्यावर गेले. तेथे घरापुढे विहीर ही प्रतिष्ठेची वस्तू असे, म्हणून हा विरोध मला समजतो. परंतु विहिरीवर जाळी बसविली म्हणून तिचे पावित्र्य जात नाही.

शहरात हा डास टाक्या व विहिरी शोधतो. खेड्यात त्याचा भाऊबंद, ॲनॉफिलिस क्युलिसिफेसिस, पाट, तळी आणि नदी ओसरल्यावर पात्रात उरलेली डबकी पसंत करतो. ह्याची अळी ओळखावयास सोपी आहे. एडिसची अळी पाण्यात डोके खाली करून तिरकी लोंबते; ॲनॉफिलिसची अळी पाण्याच्या पृष्ठाशी समांतर, काडीसारखी आडवी पडते. पांढऱ्या बशीत पाणी घेऊन पाहिले म्हणजे लहान मूलही हा भेद सांगू शकते. हा डास रात्री चावतो. म्हणून येथे मच्छरदाणीचा उपयोग मोठा आहे.

मलेरिया कसा ओळखला गेला ह्याची एक गोष्ट सौंसर येथील माझ्या एका शिक्षकस्नेह्यांनी सांगितली. जवळच्या खेड्यातून सायकलीने येणारा एक मुलगा सोमवारी गैरहजर, मंगळवारी हजर, बुधवारी गैरहजर, गुरुवारी पुन्हा हजर. त्यांना प्रथम तो कामचुकारपणा वाटला. मग हजेरीपटावरील ही नेमकी एकाआड एक खूण पाहून त्यांनी मुलाला विचारले. तो म्हणाला, ‘सर, एक दिवस दुपारी दात वाजेपर्यंत थंडी भरते, मग अंग तापते, मग घाम सुटतो आणि झोप लागते. दुसऱ्या दिवशी काहीच नसते.’ हीच मलेरियाची चाल. थंडी, ताप, घाम असा क्रम आणि मध्ये एक दिवस विश्रांती. ह्या जातीला व्हायव्हॅक्स म्हणतात. त्या विश्रांतीच्या दिवसामुळेच घरचे फसतात. परंतु सुरुवातीचे काही दिवस ताप अनियमित असू शकतो. आणि फाल्सिपेरम ही घातक जात हा क्रम पाळीलच असे नाही. तीत झटके, बडबड, शुद्ध हरपणे, डोळे पिवळे होणे, गर्द लघवी ही संकटाची चिन्हे होत. म्हणून क्रम पाहत बसण्यापेक्षा तापाच्या पहिल्याच दिवशी रक्त तपासावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते आणि गावातील आशा कार्यकर्तीलाही त्याची माहिती असते.

त्या मुलाच्या बाबतीत आणखी एक चूक निघाली. जून महिन्यात त्याला हाच ताप आला होता. तीन दिवसांत बरे वाटले आणि उरलेल्या गोळ्या कपाटात राहिल्या. व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा जागे होतात. रक्तातले जंतू मारणारे औषध तीन दिवसांचे असते, पण यकृतातल्यांसाठी प्रिमाक्वीन सामान्यतः १४ दिवस घ्यावे लागते, तेही डॉक्टरांच्या देखरेखीने, कारण गर्भवती स्त्रियांना, तान्ह्या मुलांना व रक्ताचा विशिष्ट दोष असणाऱ्यांना ते चालत नाही. चौथ्या दिवशी बरे वाटते म्हणून उरलेल्या गोळ्या टाकून दिल्या, तर ताप पुन्हा येऊ शकतो.

आता सर्व हिशेब एकत्र मांडू. रोगी माणसाचा ताप पहिल्या पाच-सहा दिवसांत असता एडिस डास त्याला चावला, तर सुमारे ८ ते १२ दिवसांनी तो डास रोग देण्यास समर्थ होतो. त्यानंतर ज्याला तो चावेल त्याला ४ ते १० दिवसांनी ताप येईल. म्हणून गल्लीत पहिला रोगी सापडल्यावर सुमारे दोन-तीन आठवड्यांनी दुसरा सापडतो, आणि दोघांचा संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. त्या मुलीच्या गल्लीतही तसेच झाले. तीन आठवड्यांच्या आत समोरच्या घरातील दोघेजण आजारी पडले. ह्यावरून एक धडा निघतो : डेंग्यूच्या रोग्याला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवावे. ही मच्छरदाणी रोग्यासाठी नव्हे, शेजाऱ्यांसाठी असते.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिच्या घरच्या दिनदर्शिकेवर दर रविवारी पेन्सिलीचा एक गोल असतो. गोल काढण्यापूर्वी कुलरची टाकी, हौदाचे झाकण आणि गच्चीवरील पाखरांचे भांडे काथ्याने घासून झालेले असते. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पाहुणे आले म्हणून गोल राहिला. तो तिने सोमवारी पहाटे शाळेत येण्यापूर्वी काढला. मी विचारले तेव्हा ती हसून म्हणाली, ‘सर, डासाला पाहुणे येत नाहीत.’